नफा आहे, मग पैसा कुठं आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागाईवरच्या आपल्या पुरवणीत भाजी, गॅस, शाळेची फी असं सगळं आलं. पण महागाई हिशेबाच्या वह्यांनाही पोखरते, ते राहून गेलं. मी बत्तीस वर्षं कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहिले, म्हणून थोडं लिहितो.

एका फाउंड्रीचे मालक दर एप्रिलला ताळेबंद पुढ्यात ओढून मला एकच प्रश्न विचारायचे, "अण्णा, ह्यात फायदा चार लाख दिसतोय. मग बँकेचं सीसी का वाढलंय?" सीसी म्हणजे धंद्यासाठी बँकेतून लागेल तसं उचलायचं कर्ज. वह्या बिनचूक होत्या आणि चोरी झालेली नव्हती. तरी त्यांचा प्रश्न रास्त होता. तेव्हाचं गणित समजायला सोपे आकडे घेऊन मांडतो.

वर्षाच्या सुरुवातीला आवारात 12 टन बिडाचं भंगार होतं. किलोला 50 रुपये भावाने ते 6 लाखांचं. 31 मार्चला मोजलं तर पुन्हा 12 टनच, पण भाव 60 झालेला, म्हणून वहीत 7 लाख 20 हजार. ढीग एका किलोनेही वाढला नाही, पण अखेरचा साठा मोठा दिसला की विकलेल्या मालाची किंमत तेवढी कमी दिसते, आणि 1 लाख 20 हजार नफ्यात जाऊन बसतात. हा नफा खिशात घालायचा तर ढीग विकावा लागेल, आणि ढीग विकला तर भट्टी थंड.

दुसरं, मोल्डिंग मशीन. सहा वर्षांपूर्वी 10 लाखांना घेतलेलं, आयुष्य दहा वर्षं धरलेलं, म्हणून घसारा वर्षाला 1 लाख. तसंच मशीन आज घ्यायचं तर कोटेशन 18 लाखांचं. म्हणजे वर्षभरात मशीन झिजलं ते आजच्या हिशेबाने 1 लाख 80 हजारांचं, खर्ची पडले लाखच. तिसरी गोष्ट उधारीची. गिऱ्हाइकांकडून येणं आणि भंगारवाल्याचं देणं यांतला फरक 3 लाखांवरून 3 लाख 60 हजार झाला. नग तेवढेच, दिवस तेवढेच, फक्त भाव चढले. त्या 60 हजारांची सोय मालकांनीच करायची.

सगळं आजच्या भावाने मोजणारी चालू किंमत हिशेबपद्धती करते ती एवढीच गोष्ट. साठ्याचे 1 लाख 20 हजार, घसाऱ्याचे 80 हजार आणि उधारीचे 60 हजार असे 2 लाख 60 हजार ती व्याजापूर्वीच्या 5 लाख नफ्यातून काढते. उरले 2 लाख 40 हजार. यातून बँकेचं 1 लाख व्याज वजा करायचं. पण धंद्यातलं 40 टक्के भांडवल बँकेचं असेल, तर भाववाढीचा तेवढा भार मालकावर पडत नाही. भंगार महागलं तरी जुन्या कर्जाचा आकडा वाढत नाही. म्हणून वजा केलेल्यातले 40 टक्के, म्हणजे 1 लाख 4 हजार, परत मिळवायचे. मालकांचा करापूर्वीचा नफा आला 2 लाख 44 हजार. वहीतला होता 4 लाख.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. 30 टक्क्यांनी कर भरला 1 लाख 20 हजार, तो वहीतल्या 4 लाखांवर. खऱ्या नफ्याच्या तो जवळजवळ निम्मा झाला. उरलेले 2 लाख 80 हजार मालकांनी घराच्या मजल्यासाठी उचलले, कारण ताळेबंद तसं सांगत होता. प्रत्यक्षात खिशातून न गेलेला घसाऱ्याचा लाख धरूनही कर भरल्यावर वर्षाची रोकड 2 लाखच होती, कारण बाकीची ढिगात आणि उधारीत अडकलेली. वरचे 80 हजार सीसीतून आले. घराचा मजला भंगाराच्या भाववाढीवर चढला होता म्हणा ना.

हा तिढा सगळ्यात मोठ्या प्रमाणावर ब्रिटनने भोगला. 1974 मध्ये कंपन्यांचे नफे कागदावर फुगलेले आणि तिजोऱ्या रिकाम्या, अशी वेळ आली. तेव्हा अर्थमंत्री डेनिस हीली यांनी त्या नोव्हेंबरात साठ्याच्या फुगवट्यावर करसवलत दिली. पुढच्या वर्षी तिथली महागाई 24 टक्क्यांच्या घरात होती, आणि त्याच सप्टेंबरात महागाईतल्या हिशेबांवरचा सँडिलँड्स समितीचा अहवाल आला. सगळ्या आकड्यांना एकच सर्वसाधारण महागाई निर्देशांक लावा, असं हिशेबनिसांची संघटना म्हणत होती. समितीने ते नाकारलं. फाउंड्रीला भंगाराचा भाव लागतो, बटाट्याचा नव्हे, हा त्यातला मुद्दा मला आजही पटतो. 1980 च्या मार्चमध्ये एसएसएपी 16 हे हिशेबाचं मानक आलं आणि मोठ्या कंपन्यांना चालू किंमतीचे आकडे द्यावे लागले. वर मांडलेल्या चारही दुरुस्त्या त्याच्याच.

आणि ते टिकलं नाही. 1985 मध्ये सक्ती गेली, 1988 मध्ये मानकच मागे घेतलं. महागाई उतरली हे एक कारण, आणि करखातं जुन्याच नफ्यावर कर घेत राहिलं हे दुसरं. दोन नफे छापले की भागधारकांनी कोणता खरा मानायचा, हाही घोळच. अमेरिकेनेही 1979 ला आणलेली सक्ती 1986 ला सोडली. आपल्याकडे चार्टर्ड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटने 1982 मध्ये मार्गदर्शक टिपण काढलं, तेही ऐच्छिक. शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणारी पद्धत साठ्याचा फुगवटा थोडा तरी दाबायची. तीही 1999 च्या सुधारित मानकाने बंद झाली. आयकरात घसारा मूळ किमतीवरच मिळतो.

पद्धतीत दोष नाहीत असंही नाही. 18 लाखांचा आकडा आणायचा कुठून? आमच्या फाउंड्रीतलं ते मशीन बनवणाऱ्याने तो नमुनाच बंद केला. नवीन आलं ते दीडपट माल काढतं. मग 18 लाखांतले किती महागाईचे आणि किती वाढीव ताकदीचे, हे ठरवताना मालक आणि मी तासभर भांडलो आणि शेवटी अंदाजच लावला. शिवाय यंदा घसारा 1 लाख 80 हजार धरला तरी आधीच्या वर्षांत कमी धरलेला मागे राहतोच. तो ब्रिटनमध्ये नफ्यातून न घेता राखीव निधीत वजा टाकत. त्यामुळे नफा-तोटा पत्रक कितीही शुद्ध केलं, तरी दहाव्या वर्षी मशीनचे पूर्ण पैसे साठलेले नसतात. साठ्याची दुरुस्ती मात्र त्या मानाने सोपी. भंगाराचा भाव रोज कळतो, टन मोजता येतात.

म्हणून मी मालकांसाठी दरसाल ताळेबंदाच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन आकडे लिहायला लागलो. साठ्यातली नुसती भाववाढ, आजच्या कोटेशनवरचा घसारा आणि उधारीचा ताण. पहिल्या वर्षी त्यांनी ते पान दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मग अण्णा, उचल किती करू?" मी सव्वा लाख म्हणालो.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, कोल्हापूर