तळहातांची परीक्षा

संपादक महोदय,

आईच्या गुडघ्यांसाठी आमच्याकडे एक ताई रेकी द्यायला यायच्या. गुडघ्यावर हात ठेवून म्हणायच्या, 'ऊर्जा इथं अडलीय, हाताला जाणवते.' (मे महिन्यात नागपुरात कुणाचा तळहात तापलेला नसतो?) अर्धा तास शांत पडून आईला बरं वाटायचं, ते खोटं नाही. पण ऊर्जा हाताला जाणवते हा दावा वेगळा, आणि तो तपासता येतो.

अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीनं 'थेराप्युटिक टच' ही रेकीसारखीच, हाताला ऊर्जा जाणवते म्हणणारी पद्धत वापरणाऱ्या 21 उपचारकांना आडोशातून दोन्ही हात पुढे करायला सांगितलं. नाणं उडवून ती त्यांतल्या एका हाताच्या आठ-दहा सेंटिमीटर वर आपला हात धरी. कोणत्या हातावर, एवढंच ओळखायचं. 280 पैकी 123 उत्तरं बरोबर आली; नुसत्या अंदाजानंही 140च्या आसपास येतात. 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे छापून आलं.

चादरीआडून हाच प्रयोग करू या, असं मी ताईंना सुचवलं. 'शंका घेतली की ऊर्जा आटते,' म्हणाल्या. गुडघ्याचा एक्स-रे मात्र आम्ही काढून घेतला.

— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर