रोजच्या विक्रीच्या मेसेजमधून पहाटेची बिलं गळतात, याबाबत तक्रार

दि. 27 ऑक्टोबर 2025
इचलकरंजी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
बिलिंग सॉफ्टवेअर विभाग

विषय: व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा रोजच्या विक्रीचा आकडा चुकीचा असल्याबाबत

महोदय,

आमच्या फर्मची दूध-दुग्धजन्य पदार्थांची तीन दुकानं आहेत आणि तिन्हीकडे तुमचंच बिलिंग सॉफ्टवेअर चालतं. हिशेब मी पाहते. दुकानांचे मालक म्हणजे माझे सासरे आणि चुलत सासरे. दोघंही ईमेल उघडत नाहीत. फर्मच्या नावाचा ईमेल जीएसटी नोंदणीच्या वेळी कर सल्लागारांनी काढला, त्याचा पासवर्डही त्यांच्याच ऑफिसात आहे. व्हॉट्सअ‍ॅप मात्र दोघं दिवसभर बघतात. रोज रात्री विक्रीचा आकडा थेट फोनवर येईल असं तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, म्हणून आम्ही जास्त पैसे भरून ही सोय घेतली. मेसेज येतो, पण त्यातला आकडा खोटा असतो.

14 ऑक्टोबरचा, मेन शाखेचा हिशेब देते. रात्रीच्या मेसेजमध्ये विक्री 36,480 रुपये होती. गल्ला मोजला तेव्हा रोख विक्री 17,250 भरली. यूपीआयने 21,060 आले होते आणि रतिबाची उधारी 2,480 होती. एकूण 40,790. म्हणजे मेसेजपेक्षा 4,310 रुपये जास्त. पैसे कमी भरले तर कुणीही विचारतं, पण दुकानात जास्त भरले तर त्याचा अर्थ आणखी वाईट लावला जातो: बिल न करता माल दिला, असा. सासऱ्यांनी सकाळच्या पाळीच्या मुलाला बोलावून विचारलं. तो आमच्याकडे कित्येक वर्षं आहे. त्याला सगळ्यांसमोर खुलासा द्यावा लागला, याचं मला फार वाईट वाटतं.

मी त्या दिवसाची बिलं एकेक करून पाहिली. आमचं दुकान पावणेपाचला उघडतं. चहाच्या गाड्यावाले आणि हॉटेलवाले उजाडायच्या आत दूध घेऊन जातात. दुकान उघडल्यापासून साडेपाचपर्यंत 62 बिलं झाली होती आणि त्यांची बेरीज बरोबर 4,310 होती. खात्री करायला दुसऱ्या दिवशी पहाटे 5:28 ला एक आणि 5:32 ला एक अशी दोन बिलं मुद्दाम केली. छापील बिलावर दोन्हींची तारीख बरोबर होती. तुमच्या अहवालात मात्र पहिलं आदल्या दिवसात गेलं आणि दुसरं त्या दिवसात राहिलं.

कारण उघड आहे. तुमचा सर्व्हर यूटीसी घड्याळावर चालतो. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणून तिथे मध्यरात्र होते तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तुमचा दिवस तिथे बदलतो. कापडाच्या किंवा मोबाइलच्या दुकानात हे कधीच लक्षात येणार नाही, कारण त्यांचं शटरच दहाला उघडतं. आमच्याकडे ही पहाटेची बिलं आदल्या दिवसात मोजली जातात, पण आदल्या दिवसाचा मेसेज रात्री साडेनऊलाच गेलेला असतो. त्यामुळे ती कुठल्याच मेसेजमध्ये येत नाहीत. महिन्याचे मेसेज बेरीज केले तर ते अहवालाशी कधी जुळणार नाहीत. 1 एप्रिलच्या पहाटे विकलेलं तूप तुमच्या अहवालात मागच्या आर्थिक वर्षात दिसणार, तेव्हा विवरणपत्र भरताना आम्ही काय करायचं?

साडेनऊच्या ठरलेल्या वेळेचाही त्रास आहेच. 6 ऑक्टोबरला कोजागरी होती. त्या रात्री उशिरापर्यंत मसाला दुधासाठी गिऱ्हाईक होतं, आणि मेसेज नेहमीच्याच वेळी येऊन गेला. नंतरची विक्री त्यात कशी असणार? मेसेज घड्याळावर न सोडता, काउंटरवर दिवस बंद केला की जावा.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. स्टँडजवळच्या शाखेत एका दुपारी लाइन गेली. बिलं काउंटरवर होत राहिली, पण तुमच्याकडे पोहोचली नाहीत. रात्री मेसेज आला तो दुपारपर्यंतच्याच विक्रीचा, आणि त्यावर ‘आजची एकूण विक्री’ असं ठामपणे लिहिलेलं. चुलत सासरे घाबरून रात्री दुकानावर गेले. तुमच्याकडे शेवटचं बिल कधीचं पोहोचलं, एवढं मेसेजमध्ये असतं तर त्यांना घरबसल्या कळलं असतं की आकडा अर्धवट आहे. काहीच पोहोचलं नसेल तेव्हा शून्य दाखवू नका. ‘या शाखेची माहिती आलेली नाही’ असं स्पष्ट कळवा.

आम्हाला हवा आहे तो मेसेज असा, एवढाच:

मेन शाखा, मंगळवार 14 ऑक्टोबर
विक्री 40,790
रोख 17,250, यूपीआय 21,060, उधारी 2,480
तुमच्याकडे पोहोचलेलं शेवटचं बिल: रात्री 9:21

यात लिंक नको. लॉगिन करून पाहायला लावायचं असेल तर तो ईमेलच झाला. आणि सध्या खाली येणारी ‘आजच प्रीमियम प्लॅन घ्या’ ही ओळ काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर कंपन्यांनी स्वतःहून पाठवायचे मेसेज आधी मंजूर केलेल्या साच्यातच जातात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. साच्यात जाहिरात घातली की तो ‘युटिलिटी’ न राहता ‘मार्केटिंग’ गटात जातो, आणि एका माणसाला असे मार्केटिंग मेसेज किती पोहोचवायचे यावर व्हॉट्सअ‍ॅपची मर्यादा असते. काही रात्री आमच्याकडे मेसेज आलाच नाही, त्याचं कारण हेच आहे का, ते तपासून सांगा. पोहोचल्या-न पोहोचल्याची नोंद प्रत्येक मेसेजमागे तुमच्याकडे परत येते, त्यामुळे हे तुम्हाला लगेच कळेल.

हेल्पलाइनवर हे सगळं सांगितल्यावर उत्तर मिळालं की संपूर्ण अहवाल ईमेलवर जातो, तो पाहावा. तो मी पाहिला. बरीच पानं आहेत, मालवार विक्री आहे, आणि दिवसाची सुरुवात त्यातही साडेपाचलाच होते. शिवाय ज्यांना आकडा हवा आहे ते तो उघडणारच नाहीत. म्हणूनच तर मेसेजचे वेगळे पैसे भरले. फोनवर येणारी ती एक ओळ हाच मालकांचा सगळा अहवाल आहे. ती चुकली तर पडताळायला त्यांच्याकडे दुसरं काही नाही, आणि संशय काउंटरवर उभ्या असलेल्या माणसावर जातो.

तेव्हा दिवसाची सुरुवात भारतीय वेळेप्रमाणे करून द्यावी, मेसेज दिवस बंद झाल्यावर वरच्या नमुन्याप्रमाणे पाठवावा, आणि सेवा सुरू झाल्यापासूनचे तिन्ही शाखांचे दिवसवार आकडे दुरुस्त करून द्यावेत. दुरुस्ती होईपर्यंतच्या काळाचे मेसेज सेवेचे पैसे परत करावेत किंवा तेवढी मुदत वाढवून द्यावी. चूक सॉफ्टवेअरची होती, असं कंपनीच्या लेटरहेडवर लेखी कळवावं. ते पत्र मला सकाळच्या पाळीच्या मुलाला सासऱ्यांच्या समोर दाखवायचं आहे.

14 आणि 15 ऑक्टोबरच्या बिलांच्या प्रती आणि मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे. कृपया ते फर्मच्या ईमेलवर न पाठवता या पत्रावरच्या मोबाइल क्रमांकावर पाठवावं.

आपली,
फर्मची भागीदार व हिशेब पाहणारी