आव, मूळव्याध आणि तपासण्या: सुहासला पत्र

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. लाजतबिजत न बसता सगळं सविस्तर लिहिलंस ते फार बरं केलंस. दवाखान्यात बहुतेक जण "पोट साफ होत नाही" एवढंच म्हणतात आणि पुढचं डॉक्टरने ओळखावं अशी वाट बघत बसतात. तीन-चार दिवसांनी एकदा शौचाला होणं, लेंड्यांसारखा कडक मळ, बराच वेळ कुंथणं, शेवटी पांढरट, चिकट आव, पुसताना क्वचित एखादा लाल ठिपका, आणि खाली येऊन आपोआप आत जाणारा कोंब. एवढ्यावरून बरंच काही सांगता येतं.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक: आव दिसली म्हणजे आतडं सडलं, असं नव्हे. मोठ्या आतड्याच्या अस्तरात श्लेष्म तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्या दिवसभर काम करत असतात. मळ सहज घसरावा यासाठीच ती सोय आहे. एरवी हा श्लेष्म मळात मिसळून जातो, म्हणून आपल्याला दिसत नाही. कडक मळ गुदाशयात अडून राहिला की अस्तराला घासतो, अस्तर जास्त श्लेष्म सोडतं, आणि तो कोरड्या मळात मुरत नाही. म्हणून लेंडीवर चकचकीत थर दिसतो किंवा शेवटी थोडा गोळा वेगळाच पडतो.

दुसरं कारण तुझा कोंब. आतली मूळव्याध म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सुजून खाली सरकणं. त्यांच्यावर तेच ओलसर अस्तर असतं, त्यामुळे कोंब बाहेर आला की श्लेष्मही बाहेर येतो. शौचानंतर ओलसर वाटणं, कपड्याला डाग, खाज, हे त्याचंच. खाजेसाठी साबणाने घासू नकोस, त्याने कातडी आणखी चिडते. नुसत्या पाण्याने धू आणि हलकेच टिपून कोरडं कर.

आता महत्त्वाचं. आव किती पडते यापेक्षा ती कुठे आणि कशाबरोबर दिसते, हे बघ. मळाच्या वर किंवा शेवटी, पांढरी वा पारदर्शक, रक्ताशिवाय, आणि पोट नीट साफ झालं त्या दिवशी कमी: ही खालच्या टोकाची आव, आणि ती सहसा निरुपद्रवी असते. मळात कालवलेली, लालसर किंवा पुवासारखी पिवळी, किंवा मळ नसताना नुसतीच पुन्हापुन्हा पडणारी आव असेल, तर तिचं मूळ शोधलंच पाहिजे.

शेजारच्यांनी दिलेल्या आवेच्या गोळ्यांबद्दल विचारलंयस. घेऊ नकोस. अमिबाचा खरा आजार झाला की सहसा पोटात मुरडा येतो आणि रक्त-आव मिसळलेले पातळ जुलाब होतात. घट्ट शौच आणि वर थोडी आव, हे त्याचं चित्र नाही. मळाच्या तपासणीत 'अमिबाच्या सिस्ट' लिहून आलं तरी लगेच घाबरायचं कारण नाही, कारण हुबेहूब तसाच दिसणारा एक निरुपद्रवी अमिबाही असतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फरक करता येत नाही. अशा गोळ्यांचा कोर्स घेऊन आव तात्पुरती कमी झाली की माणूस निर्धास्त होतो, आणि मूळ दुखणं राहून जातं.

ते राहून जाणं किती महागात पडतं, याचं एक उदाहरण सांगतो. पन्नाशीतले एक गृहस्थ आमच्याकडे आले. मूळव्याध होतीच, डोळ्यांनी दिसत होती. रक्त आणि आव पडते म्हणून ते बरेच महिने मलम लावत होते. विचारल्यावर कळलं की अलीकडे त्यांना दिवसातून कितीतरी वेळा कळ येते, धावत जावं लागतं आणि पडते फक्त चमचाभर लालसर आव. पोट साफ झालं असं कधी वाटतच नाही. हिमोग्लोबिन उतरलेलं होतं. बोट घालून तपासल्यावर मूळव्याधीच्या वर, बोटाच्या टोकाला एक कडक खडबडीत जागा लागली. दुर्बिणीतून तुकडा घेतला, गुदाशयाचा कर्करोग निघाला. मूळव्याध खरीच होती, पण रक्त तिचं नव्हतं. म्हणून कोंब दिसतोय एवढ्यावर रक्ताचा हिशेब त्याच्या नावावर टाकणं मला कधीच पटत नाही.

आणखी एक फसवं दुखणं असं की त्यात बद्धकोष्ठ असूनही आव आणि रक्त पडतं: गुदाशयापुरतीच मर्यादित असलेली आतड्याची सूज. खालचा भाग सुजल्यामुळे वरचा मळ अडून राहतो, आणि सगळे त्याला मूळव्याध समजतात. कायम जोर लावून कुंथणाऱ्यांना, विशेषतः बोटाने मळ काढायची सवय असलेल्यांना, गुदाशयात व्रणही होतो. तोही आव आणि रक्तच दाखवतो. या दोन्हींचा पत्ता लागतो दुर्बिणीनेच.

तुझं वय अडतीस, वजन उतरलेलं नाही, रात्री शौचासाठी उठावं लागत नाही, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग नाही. तेव्हा आज लगेच सगळ्या आतड्याची दुर्बीण करायची गरज मला दिसत नाही. पण रक्ताचा ठिपका आहे, म्हणून या आठवड्यात सर्जनकडे जा, बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने, म्हणजे गुदद्वारातून आत बघायच्या छोट्या नळीने, तपासून घे, आणि रक्ताची साधी तपासणी, म्हणजे सीबीसी, कर. हे अगदी पाच-दहा मिनिटांचं काम आहे, त्याला उगीच टाळू नकोस. गुदाशयाच्या सुजेचा संशय आला, तर डॉक्टर मळातली कॅलप्रोटेक्टिन तपासणी सांगतील. ती वाढलेली आली तर आतड्यात सूज असू शकते, मात्र काही वेदनाशामक गोळ्यांनीही ती वाढते, म्हणून घेत असशील तर त्यांना सांग.

तोवर बद्धकोष्ठ सोडव. इसबगोल रात्री एक चमचा, मोठा ग्लासभर पाण्यात, आणि वर आणखी पाणी. पाणी कमी पडलं तर तोच इसबगोल आत अडून बसतो. दोन-तीन दिवस पोट फुगेल, पण सोडू नकोस, आठवड्याने दुसरा चमचा वाढव. शौचाला पायाखाली बुटकं स्टूल घे, पाच मिनिटांत झालं नाही तर उठ, मोबाईल बाहेर ठेव. सध्या लोहाच्या किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवर आहेस का, तेही बघ, दोन्हींनी मळ कडक होतो.

तीन-चार आठवड्यांत मळ मऊ झाला की आवही ओसरायला हवी. मऊ होऊनही ती तशीच राहिली, रक्त वाढलं, हिमोग्लोबिन कमी आलं, ताप किंवा जुलाब सुरू झाले, किंवा शौचाची सवयच बदलली, तर दुर्बिणीची तारीख घेऊन टाक. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला तर रक्त दिसताच मी इतकीही वाट बघू देत नाही.

सीबीसीचा आकडा आला की कळव, आणि प्रॉक्टोस्कोपीत डॉक्टरांनी कोंब कितव्या पायरीचा सांगितला तेही लिही. दुसऱ्या पायरीचा, म्हणजे बाहेर येऊन आपोआप आत जाणारा, असेल तर रबर बँड लावून भागतं, मोठं ऑपरेशन सहसा लागत नाही.

तुझा,
विवेक