लॅपटॉपचा आवाज कर्र करतो, स्क्रीन अडखळते, आणि दोष ऑडिओ ड्रायव्हरचा नाहीये : चौथी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,

नमस्कार,

मार्चमध्ये तुमचा लॅपटॉप घेतला, वॉरंटी चालू आहे, आणि याच प्रॉब्लेमसाठी मी तीनदा नाशिकच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन आलोय. पहिल्यांदा ऑडिओ ड्रायव्हर बदलून दिला, दुसऱ्यांदा विंडोज नव्याने टाकली, तिसऱ्यांदा सांगितलं की टेस्टमध्ये सगळं पास आहे, घेऊन जा. म्हणून आता मी स्वतः जे शोधलं ते सगळं लिहून पाठवतोय. प्लीज हे पत्र फ्रंट डेस्कवर न ठेवता बायॉस बघणाऱ्या टीमपर्यंत पोचवा, कारण दोष तिथे आहे.

माझं काम ऑडिओबुकचं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग. होतं असं की वाचक वाचत असतो, सगळं छान चाललेलं असतं आणि मधेच कानात कर्र होतं, नंतर वेव्हफॉर्म झूम करून बघितला तर गोल लाटेच्या मधे एकदम सरळ उभी कड दिसते, म्हणजे तेवढा तुकडा गायब. मागच्या आठवड्यात ‘आठवण’ शब्दातला ठ असाच गेला आणि अख्खं पान परत वाचून घ्यावं लागलं. त्याच क्षणी माउसचा पॉइंटर थबकतो, व्हिडिओ चालू असेल तर तोही एक झटका खातो. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा सीपीयू आठ-दहा टक्क्यांच्या वर नसतो, म्हणजे मशीनवर लोड आहे म्हणून होतंय असं अजिबात नाही.

कोणता ड्रायव्हर मशीनला किती वेळ अडवून ठेवतो ते दाखवणारं LatencyMon नावाचं टूल आहे, ते टाकलं, चार्जर लावून दहा मिनिटं चालू ठेवलं आणि शेजारी वहीत कर्र झालं की वेळ लिहीत गेलो. दहा मिनिटांत 9 वेळा आवाज फुटला. Drivers टॅबमध्ये सगळ्यात जास्त एक्झिक्युशन टाइमनुसार लावलं तर वर ACPI.sys, 9.4 मिलिसेकंद. त्याच्या खालोखाल ग्राफिक्सचा ड्रायव्हर, तो अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत. ऑडिओ ड्रायव्हर यादीत पार खाली. मायक्रोसॉफ्ट ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगतं की एक डीपीसी, म्हणजे ड्रायव्हरने रांगेत टाकलेलं एक काम, 100 मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये, आणि इथे 9,400.

हे इतकं का नडतं ते सांगतो, कारण सर्व्हिस सेंटरमधल्या इंजिनिअरना मी तोंडी सांगितलं तेव्हा नीट पोचलं नाही. हार्डवेअरने इंटरप्ट दिला की ड्रायव्हर आधी अगदी थोडं काम करतो आणि उरलेलं डीपीसी म्हणून रांगेत टाकतो. डीपीसी चालू असताना त्या कोअरवर दुसरा कुठलाही साधा थ्रेड चालू शकत नाही, ऑडिओचा थ्रेड कितीही प्रायॉरिटीचा असला तरी त्याला थांबावंच लागतं. माझा बफर 256 सॅम्पलचा, 48 किलोहर्ट्झला म्हणजे 5.3 मिलिसेकंदांचा. डीपीसी 9.4 मिलिसेकंद बसून राहिला की तोपर्यंत बफरची मुदत संपून जाते. स्क्रीनचंही तेच, 60 हर्ट्झला एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात, त्यातले 9 असेच गेले तर ती फ्रेम वेळेत तयार होईलच असं नाही. बफर 1024 केला की 21.3 मिलिसेकंद मिळतात आणि आवाज खरंच फुटत नाही, पण मग वाचकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि त्याची लय तुटते, त्यामुळे तो उपाय माझ्या कामाचा नाही.

एका टूलवर विश्वास नको म्हणून विंडोजच्या परफॉर्मन्स टूलकिटनेही बघितलं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पहिली ओळ दिली, दोन-तीनदा कर्र होईपर्यंत थांबलो, मग पुढच्या दोन :

```
xperf -on PROC_THREAD+LOADER+INTERRUPT+DPC
xperf -d dpc.etl
xperf -i dpc.etl -o dpc.txt -a dpcisr
```

त्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक ड्रायव्हरचे डीपीसी किती वेळा किती मायक्रोसेकंद चालले ते येतं. बाकी सगळे लहान आकड्यांत, ACPI.sys चे मात्र मोजकेच पण लांबलचक. सरासरी बघितली तर काहीच दिसत नाही, त्यामुळे तुमच्या टेस्टमध्ये सरासरी बघत असाल तर हे कधीच सापडणार नाही, सगळ्यात लांब आकडा बघावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. सर्व्हिस सेंटरने सांगितलं की ACPI.sys मायक्रोसॉफ्टची फाइल आहे, त्यांच्याकडे जा. फाइल त्यांची आहे हे खरं, पण ती जो कोड चालवते तो तुमच्या बायॉसमधल्या एसीपीआय टेबलमधून येतो, बॅटरी, चार्जर, पंखा, झाकण हे सगळं कसं हाताळायचं ते तुम्ही लिहिलेलं असतं. जसं नेटवर्कच्या ndis.sys चं नाव यादीत वर आलं की खरा दोषी बहुतेक वेळा वायफाय किंवा लॅनचा ड्रायव्हर निघतो, तसंच हे. नाव दिसतं त्याच्या मागे कोण आहे ते एकेक गोष्ट बंद करूनच कळतं.

तर मी तेच केलं. वायफाय बंद, फरक नाही. ब्लूटूथ बंद, फरक नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल केलं, तरीही तेच. मग Batteries खाली जाऊन Microsoft ACPI-Compliant Control Method Battery डिसेबल केलं आणि परत दहा मिनिटं मोजलं. ACPI.sys 0.2 मिलिसेकंदांवर आला, आवाज एकदाही फुटला नाही. परत एनेबल केलं, दुसऱ्याच मिनिटाला कर्र. खात्रीसाठी हे चालू-बंद चार वेळा केलं, चारही वेळा तेच. तुम्ही नव्याने टाकलेल्या विंडोजवरही तेच, तुमचं युटिलिटी ॲप काढूनही तेच, म्हणजे विंडोज बॅटरीची माहिती विचारतं तेव्हा तुमचा बायॉस उत्तर द्यायला फार वेळ घेतो.

बॅटरी डिसेबल ठेवून वापरा असं कृपा करून सांगू नका. मी आठवडाभर तसंच वापरलं. टक्केवारी दिसत नाही, बॅटरी संपत आल्याची वॉर्निंग येत नाही, आणि शुक्रवारी लाइट गेली तेव्हा वाचक बोलत असतानाच बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला, चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग गेलं. तो माणूस दोन तासांचा प्रवास करून आला होता, त्याला परत ये म्हणताना मला फार वाईट वाटलं.

माझी मागणी एवढीच. याच मॉडेलचा तुमच्याकडचा दुसरा पीस घ्या, चार्जर लावून वरची टेस्ट बॅटरी एनेबल आणि डिसेबल ठेवून दोन्ही प्रकारे करा. तिथेही हेच दिसलं तर बायॉस अपडेट कधी देणार ते लेखी कळवा. दुसरा पीस नीट चालला तर माझा मदरबोर्ड बदलून द्या. आणि दोन्ही जमत नसेल तर पैसे परत करा, मी दुसरं मशीन घेतो, काम थांबवून बसणं मला परवडत नाही. मशीन परत तपासायला मागवलंत तर कोणती टेस्ट केली आणि सगळ्यात लांब आकडा किती आला ते जॉब शीटवर लिहून द्या, नुसतं ‘पास’ नको.

LatencyMon चा रिपोर्ट, dpc.txt, फुटलेल्या आवाजाची फाइल आणि आधीच्या तिन्ही जॉब शीटचे फोटो सोबत जोडले आहेत. etl फाइल मोठी आहे, लिंक मागाल तर लगेच पाठवतो. पंधरा दिवसांत उत्तर द्या, त्यानंतर मला ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.

आपला,
एक ग्राहक, नाशिक