बाबा, एटीएममधून क्रेडिट कार्डावर काढलेल्या वीस हजारांबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम पावसाआधी उरकलं, हे बरं झालं. बाबा, तुम्ही पाठवलेली क्रेडिट कार्डाची दोन्ही बिलं मी नीट पाहिली. "सगळे पैसे मुदतीत भरले, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा ४८९ रुपये कसले?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहिते.

दुकानात कार्ड स्वाइप केलं आणि बिल मुदतीत पूर्ण भरलं, तर व्याज लागत नाही. ही सवलत खरेदीपुरतीच असते. त्याच कार्डाने एटीएममधून नोटा काढल्या की बँक ते कर्ज धरते आणि त्याच दिवसापासून व्याज मोजायला लागते. बिल कधी येतं, शेवटची तारीख कोणती, याच्याशी त्या व्याजाचा संबंध नसतो. शिवाय पैसे काढण्याची फी वेगळी. एटीएमच्या पावतीवर यातलं काहीच छापलेलं नसतं, त्यामुळे डेबिट कार्डासारखंच वाटतं.

आता तुमचा हिशेब. ३ जूनला गवंड्याला रोख द्यायला तुम्ही २०,००० रुपये काढलेत. तुमच्या कार्डाची फी अडीच टक्के, पण कमीत कमी ५०० रुपये. वीस हजारांवर ती बरोबर ५०० होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० रुपये. व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे. ऐकायला लहान वाटतो, पण वर्षाचा धरला तर ४२ टक्के होतो. वीस हजारांवर रोजचे २३ रुपये.

२० जूनला बिल निघालं तेव्हा १७ दिवस झाले होते. त्याचं व्याज ३९१ आणि त्यावर जीएसटी ७०. म्हणून पहिलं बिल २१,०५१ रुपयांचं आलं. तुम्ही ते ८ जुलैला पूर्ण भरलंत. पण बिल निघाल्यापासून भरेपर्यंतच्या १८ दिवसांचं व्याज चालूच होतं. ते पहिल्या बिलात येणं शक्यच नव्हतं, म्हणून पुढच्यात आलं: ४१४ अधिक जीएसटी ७५. हेच ते ४८९. बँकेने चुकून लावलेले नाहीत, तेव्हा शाखेत चकरा मारू नका. मात्र तेवढे भरून टाका, नाहीतर त्यावरही आकार लागतील.

एकूण धरलं तर ३५ दिवसांसाठी १,५४० रुपये गेले. एफडी मोडायला नको म्हणून तुम्ही कार्ड वापरलंत, ते मला कळतं. ठेवीला हात लावायचा नाही ही तुमची आयुष्यभराची सवय. पण वीस हजारांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षभराचं सगळं व्याज १,४०० होतं. म्हणजे ते अख्खं व्याज सोडून दिलं असतं तरी स्वस्त पडलं असतं, आणि मुदतीआधी मोडली म्हणून बँक सहसा व्याजदर थोडा कमी करते, सगळं व्याज कापत नाही.

आई, तुझ्यासाठी एक मुद्दाम सांगते. थोडेच पैसे काढले तर थोडंच लागेल, असं नाही. त्या किमान ५०० रुपयांमुळे दोन हजार काढले तरी जीएसटी धरून ५९० जातात. दर वेळी काढताना ते नव्याने लागतात. दुसऱ्याच दिवशी परत भरले तर व्याज थांबतं, फी मात्र परत मिळत नाही.

तरीही कधी अगदी नाइलाजाने असे पैसे काढावेच लागले, तर बिलाची वाट पाहू नका. हातात पैसे आले की त्याच दिवशी कार्डात भरा, रोजचे २३ रुपये वाचतील. आणि बिलावर 'किमान देय' म्हणून जी छोटी रक्कम असते तेवढीच भरून थांबू नका. उरलेल्यावर व्याज चालू राहतंच, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दवाखान्याचं किंवा औषधांचं बिल असेल तर तिथेच कार्ड स्वाइप करा, रोख काढून देऊ नका. रोखच लागणार असेल तर आधी मला फोन करा, रात्री-अपरात्रीसुद्धा. मी तुमच्या बचत खात्यात पैसे टाकते, तुम्ही डेबिट कार्डाने काढा.

कार्डाचे एटीएम, दुकान आणि ऑनलाइन व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात, ती सोय बँकांनी द्यायचीच असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रविवारी व्हिडिओ कॉल करते तेव्हा बाबा, बँकेचं ॲप उघडून ठेवा. फक्त एटीएम बंद करू. दुकानात कार्ड आणि पिन नेहमीसारखे चालतील.

तुमची,
मनू