एक टँकर विकत घ्या आणि त्या खड्ड्यात ओता

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

महोदय,

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीची खजिनदार आहे. पार्किंगवर सहा मजले, २४ फ्लॅट, साधारण ९५ माणसं. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे वही नीट ठेवायची सवय आहे. टँकरची वहीसुद्धा मीच ठेवते. पाऊसपाणी साठवण्याबद्दल आपल्या खात्याचा जो नियम आहे, त्यात एक छोटा बदल व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी वही. मार्चमध्ये ८ टँकर, एप्रिलमध्ये २२, मेमध्ये ३१ आणि जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत ११. दहा हजार लिटरचे एकूण ७२ टँकर. मार्चमध्ये टँकर १,३०० रुपयांना मिळाला, एप्रिलमध्ये १,५००, मे-जूनमध्ये १,८००. बेरीज १,१९,००० रुपये. म्हणजे घरटी पाच हजार, आणि तेही साडेतीन महिन्यांत. मे महिन्यात पहाटे साडेपाचला टँकर येतो, वॉचमन टाकीचं झाकण उघडून पाइप आत सोडतो आणि मी वहीत सही घेते. त्या आवाजाने पहिल्या मजल्यावरची लहान मुलं रोज जागी होतात.

या खर्चाला कंटाळून आम्ही गच्चीकडे वळलो. गच्ची ४०० चौरस मीटर. आमच्या जिल्ह्यात पावसाचं गणित गावागावाला बदलतं. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, नाशिक शहरात सरासरी सातशेच्या आसपास. सातशे धरले तर गच्चीवर २ लाख ८० हजार लिटर पडतं. उडालं, भिजवण्यात गेलं, सांडलं, असं वजा करून ८० टक्के हाती लागेल असं मानलं, तर २ लाख २४ हजार लिटर. ऐकायला फार मोठं वाटतं. पण माणशी १३५ लिटरने आमच्या इमारतीला रोज १३ हजार लिटर लागतं. म्हणजे सगळ्या पावसाळ्याचं पाणी सतरा दिवसांचं.

त्यातही अडचण अशी, की पाणी जुलै-ऑगस्टमध्ये येतं आणि टँकर लागतो एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात नळाला पाणी असतंच, त्यामुळे तेव्हा गच्चीचं पाणी टाकीत घेतलं तर टँकरचा एक रुपया वाचत नाही. ते मेपर्यंत साठवायचं, तर सव्वादोन लाख लिटरची जमिनीखालची टाकी हवी. ठेकेदाराने लिटरमागे दहा रुपये सांगितले, म्हणजे बावीस लाखांच्या पुढे. त्या टाकीमुळे वर्षाला २२ टँकर, म्हणजे छत्तीसएक हजार रुपये वाचतील. टाकीचे पैसे वसूल व्हायला साठ वर्षं. सभेत हा आकडा वाचून दाखवल्यावर टाकीचा विषय तिथेच संपला.

उरला तो बोअर. आमचा बोअर २०० फुटांचा. जानेवारीत मोटर चार तास चालते, मार्चअखेर चाळीस मिनिटांत हवा ओढायला लागते. गच्चीचं पाणी जमिनीत सोडून हा बोअर थोडा जास्त दिवस चालवायचा, एवढीच वाट शिल्लक होती. आणि इथेच आपल्या नियमाशी आमची गाठ पडली.

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पाऊसपाण्याची व्यवस्था करावीच लागते. ती केली नाही किंवा नीट राखली नाही, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार लावता येतो. आमची इमारत त्याआधीची, पण तिच्याही नकाशावर पुनर्भरणाचा खड्डा दाखवलेला आहे. खड्डा जागेवर आहे. दीड मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल.

आम्ही तो उघडला. प्लंबरने गच्चीवरून येणारे सहाही पाइप तपासले. पाचव्याच्या तळाशी उकरल्यावर तो म्हणाला, "ताई, हा कुठंच जात नाही. टोपण लावून मातीत गाडलाय." सहापैकी एकच पाइप खड्ड्यापर्यंत आला होता, चार कंपाउंडच्या गटारात जात होते. खड्ड्यात खडी-वाळूऐवजी विटांचा राडारोडा होता. तो काढला, खडी भरली, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर काठी उभी करून रोज पाण्याची खूण केली. दिवसाला चार बोटंसुद्धा पाणी उतरत नव्हतं. नऊ दिवस पाणी उभं राहिलं, डास झाले.

कारण साधं आहे. आमच्याकडे वर काळी माती आणि तिच्याखाली चिकट पिवळा थर. काळी माती भिजली की फुगते आणि भेगा बंद होतात. पाणी घेणारा मुरूम आणि मांजऱ्या खडक त्याच्या खाली. दीड मीटरचा खड्डा तिथपर्यंत पोचतच नाही. शिवाय खडी भरलेल्या त्या खड्ड्यात मावणार किती? खडीमधल्या पोकळीत जेमतेम १,३५० लिटर. ताशी ५० मिलिमीटरची सर आली तर आमच्या गच्चीवरून तासाला १६ हजार लिटर येतं. खड्डा पाच मिनिटांत भरतो, नंतरचं सगळं गटारात. नकाशा बरोबर, मापं बरोबर, आणि जमिनीत काहीच जात नाही.

मग आम्ही पुन्हा काम काढलं. सहाही पाइप एकत्र आणले. पहिल्या सरीचं धुळीचं, कबुतरांच्या विष्ठेचं पाणी बाजूला जावं म्हणून आठशे लिटरची सोय केली. गच्चीवर दोन मिलिमीटर पाऊस पडला की तेवढं पाणी होतं. पुढे गाळ बसायची टाकी, मग खडी-वाळूचा फिल्टर, पाण्याचं मीटर, आणि शेवटी जुन्या बोअरपासून वीस फुटांवर ८० फुटांचा वेगळा पुनर्भरण बोअर. त्याचा केसिंग पाइप वरच्या मातीपुरता सलग ठेवला आणि खाली मुरमाच्या थरात भोकं पाडून वर जाळी गुंडाळली. पाणी थेट वापरातल्या बोअरमध्ये सोडलं नाही, कारण एकदा घाण आत गेली की ती काढता येत नाही.

पावसाची वाट न बघता आम्ही दहा हजार लिटरचा टँकर मागवला आणि तो नव्या बोअरमध्ये ओतला. अडीच तासांत सगळा आत गेला. म्हणजे तासाला चार हजार लिटर. जोराच्या सरीला हे पुरत नाही, पण नाशिकचा बराचसा पाऊस झिमझिम, तासन्‌तास पडणारा असतो. तो मावतो. सप्टेंबरअखेर मीटरवर १ लाख ५२ हजार लिटर दिसले. जुलैमध्ये एकदा पाऊस थांबून सहा तास झाले तरी गाळाच्या टाकीतली पातळी उतरेना. फिल्टरची वरची वाळू चिखलाने बसली होती. ती काढून धुतल्यावर पाणी पुन्हा चालू झालं. मीटर नसतं तर हे आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात कळलं असतं.

खर्च १,८०,००० रुपये. पाइप जोडायला आणि फरशी फोडून पुन्हा बसवायला ८० हजार, गाळटाकी, फिल्टर, मीटरला ४५ हजार, बोअरला ५५ हजार.

आता फायदा. तो जसा आहे तसाच सांगते. पुढच्या उन्हाळ्यात मार्चमध्ये ८ ऐवजी २ टँकर लागले, एप्रिलमध्ये २२ ऐवजी १८, मेमध्ये ३१ ऐवजी ३०, जूनमध्ये तेवढेच ११. अकरा टँकर वाचले, त्याच दरांनी १५,६०० रुपये. वर्षाच्या साफसफाईचे पाच हजार वजा केले तर १०,६००. पाऊस दोन्ही वर्षी जवळपास सारखा होता म्हणून ही तुलना करते. एका वर्षावरून सगळं ठरत नाही, तरी या हिशोबाने पैसे वसूल व्हायला सतरा वर्षं लागतील.

हा आकडा मी सभेत लपवला नाही आणि आपल्यापासूनही लपवत नाही. पाऊसपाणी साठवलं की टँकर बंद, असं सांगून लोकांना खर्चात पाडणं बरोबर नाही. मेमध्ये आमचा बोअर आजही कोरडाच पडतो. फायदा झाला तो मार्च-एप्रिलमध्ये.

पण हिशोबात न बसलेली एक गोष्ट आहे. शेजारच्या बंगल्यातले काका एप्रिलमध्ये मुद्दाम भेटायला आले. त्यांचा बोअर यंदा तीन आठवडे जास्त चालला म्हणाले. त्यांनी पाण्यासाठी काहीच केलेलं नव्हतं. खडकातल्या फटींना कंपाउंडची भिंत कळत नाही. आम्ही सोडलेलं पाणी आम्हीच उपसू असं नाही, आणि याचं मला वाईटही वाटत नाही. पण म्हणूनच एकटी सोसायटी हा खर्च करायला तयार होत नाही. गल्लीतल्या दहाही इमारतींनी पाणी सोडलं तर दहाही बोअर टिकतील. हे सभेत ठराव करून होणार नाही, नियमानेच होईल.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी पुनर्भरणाच्या जागी एक टँकर ओतून बघावा. किती लिटर, किती वेळात गेलं, याची नोंद प्रमाणपत्रावर असावी आणि गच्चीच्या मापाशी ती ताडून बघावी. बिल्डरला हा दोन हजारांचाही खर्च नाही. खड्ड्याची लांबी-रुंदी मोजून काहीच कळत नाही, हे आमच्या खड्ड्याने दाखवलं आहे. बांधतानाच पाइप नीट टाकले तर आमचे ८० हजार लागलेच नसते. तेव्हा खर्च एक लाखावर आला असता आणि साडेनऊ वर्षांत वसूल झाला असता.

दुसरी, आकार मीटरवर ठरवावा. आमचं बांधकाम २,४०० चौरस मीटर. एवढ्याच नव्या इमारतीला नियमाने वर्षाला २४ हजारांपर्यंत आकार लागू शकतो. वाचलेल्या टँकरपेक्षा ही रक्कम मोठी आहे, म्हणजे नियमात जोर आहे. फक्त तो खड्डा आहे की नाही यावर न लावता सप्टेंबरअखेरच्या मीटरवर लावावा. आमच्यासारख्या जुन्या इमारतींनी आपणहून मीटरने पाणी सोडून दाखवलं, तर तेवढ्याच रकमेपर्यंत मालमत्ता करात सूट द्यावी. मग सतरा वर्षं थांबावं लागणार नाही आणि कोणतीच सोसायटी नाही म्हणणार नाही.

टँकरची वही, मीटरच्या दर आठवड्याच्या नोंदी आणि कामाची बिलं माझ्याकडे आहेत. आपल्या खात्यातलं कोणी पाहायला येणार असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात यावं. तेव्हा आम्ही फिल्टरची वाळू धुवायला काढतो, सगळं उघडं असतं आणि टँकरही रोज येत असतो.

आपली,
एका सोसायटीची खजिनदार
पाथर्डी फाटा, नाशिक