सायकल सोबत नेतो सांगून दुसऱ्याच गाडीत टाकली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर साहेब, ग्राहक तक्रार विभाग

विषय: भुसावळ ते पुणे सायकल, लगेज म्हणून पैसे घेऊन पार्सल म्हणून पाठवल्याबाबत

नमस्कार साहेब,

तुमच्या जळगावच्या ऑफिसात फोन करून करून वैतागलो, तिथला पोरगा दरवेळी एकच सांगतो की रेल्वेकडे विचारा, म्हणून आता थेट तुम्हालाच लिहितोय. जरा पूर्ण वाचा, कारण यात रेल्वेचा काहीच संबंध नाहीये आणि ते मी कागदानिशी सांगू शकतो.

भाची पुण्याला शिकायला आहे, तिची गिअरची सायकल घेऊन जायची होती. माझं स्लीपरचं कन्फर्म तिकीट होतं आणि गाडी भुसावळहूनच पकडायची ठरवली होती, तिथे गाडी बरा वेळ थांबते, लहान स्टेशनावर दोन मिनिटांत ब्रेकव्हॅनमध्ये सायकल चढवणार कोण. तुमच्या माणसाला मी हे सगळं सांगितलं, पीएनआर दिला, तिकिटाची झेरॉक्स दिली. तो म्हणाला, काका काही टेन्शन घेऊ नका, सायकल तुमच्याच गाडीत मागच्या डब्यात चढेल आणि पुण्याला उतरलात की हातात. पॅकिंग, हमाली, बुकिंग सगळं धरून १,८५० रुपये घेतले आणि कंपनीच्या छापील बिल्टीवर सही करून दिली.

आता ऐका काय झालं ते.

पुण्याला उतरलो आणि सरळ मागच्या लगेजच्या डब्याकडे गेलो. तिथे सायकल नाही. म्हटलं पुढच्या टोकाला असेल, गाडीच्या दोन्ही टोकांना सामानाची सोय असू शकते, म्हणून बॅग खांद्यावर टाकून अख्खी गाडी चालत गेलो, तर तिथेही नाही. माल उतरवणाऱ्या हमालाला बिल्टी दाखवली तर तो बघून म्हणाला, "भाऊ, ही रेल्वेची पावती नाहीच, हे लीजवाल्यांचं आहे." पार्सल ऑफिसच्या खिडकीवर बाई होत्या, त्यांनी नंबर बघितला आणि हेच सांगितलं, वर शांतपणे समजावूनही सांगितलं, तेवढं तुमच्या माणसाने केलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

त्यांनी सांगितलेलं असं की प्रवाशाने तिकीट दाखवून सोबत न्यायचं सामान बुक केलं तर ते लगेज. त्यासाठी गाडी सुटायच्या किमान अर्धा तास आधी सामान लगेज किंवा पार्सल ऑफिसात न्यायचं, रिझर्वेशनच्या खिडकीवर नाही. तिथे वजन होतं, रेल्वेची पावती मिळते आणि सामान शक्यतो त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये जातं. स्लीपरला चाळीस किलो सामान फुकट नेता येतं ते खरं, पण सायकलला ती सवलत लागू होत नाही, तिचे वेगळे पैसे भरावेच लागतात. तिकीट न दाखवता पाठवलं तर ते पार्सल, आणि पार्सल ज्या गाडीत जागा मिळेल त्या गाडीने जातं, पाठवणारा कुठल्या गाडीत बसलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि तिसरा प्रकार म्हणजे तुमचा. काही गाड्यांच्या सामानाच्या डब्यातली जागा रेल्वे कंत्राटाने खाजगी पार्टीला देते, त्यात माल भरायचा तो त्या पार्टीने स्वतःच्या ग्राहकांचा. रेल्वेला फक्त एकूण मालाची यादी मिळते, तुमच्या एकेका ग्राहकाची पावती त्यांच्या सिस्टीममध्ये बनतच नाही. म्हणूनच तुमच्या बिल्टीचा नंबर parcel.indianrail.gov.in वर टाकला की काहीच येत नाही, आणि मी चारदा नंबर तपासत बसलो की मीच चुकीचा टाकतोय का!

म्हणजे मी पैसे भरले लगेजचे आणि गेलं काय तर तुमच्या लीजच्या जागेतलं पार्सल, तेही माझ्या गाडीत नाही तर दुसऱ्याच गाडीत. पीएनआर घेतला कशाला मग? खोक्यावर माझा पीएनआर चिकटवलेला तसाच होता आणि त्याच्यावर निळ्या मार्करने दुसऱ्या गाडीचा नंबर लिहिलेला, हे मी खोकं उघडण्याआधी फोटो काढून ठेवलंय. म्हणजे भुसावळलाच कोणाला तरी माहीत होतं की हे माझ्यासोबत जाणार नाही, आणि तरी मला एक फोन करावासा वाटला नाही.

सायकल नंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. ती पण स्टेशनवर नाही, तुमच्या एजंटच्या गोडाऊनला, जे स्टेशनपासून रिक्षाने जावं लागतं आणि पत्ता बिल्टीवर नाहीच. तिथल्या माणसाने "साठवण" म्हणून १५० रुपये मागितले. साहेब, माल तुम्ही उशिरा आणलात आणि साठवणीचे पैसे मी द्यायचे, हा कुठला हिशोब? वाद नको म्हणून दिले, पावती मात्र घेतली आहे.

खोकं उघडलं तर मागचं गिअर ज्या छोट्या तुकड्यावर बसतं तो हँगर आत वाकलेला. पॅडल फिरवलं की मागचं गिअर चाकाच्या तारांना घासतं. सायकलवाल्याने बघताक्षणी सांगितलं की ही सायकल गिअरच्या बाजूवर आडवी टाकून वरून माल ठेवलाय, आणि खोकं त्याच बाजूने चेपलेलं होतं. खोक्यावर तुमच्याच माणसाने मोठ्या अक्षरात "उभी ठेवा" लिहिलं होतं, आणि पॅकिंग करताना मागचं गिअर सुटं करून आत बांधायचं, ते तर सोडाच, नुसता फोमचा तुकडाही बाजूला लावला नव्हता. सगळी चिकटपट्टी हँडलला गुंडाळलेली.

आता तुमचा माणूस म्हणतो नुकसान भरपाई रेल्वेकडे मागा. कशाच्या जोरावर मागू? रेल्वेकडे दावा करायचा तर रेल्वेची पावती लागते आणि रेल्वे कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते, हे मला माहीत आहे. पण रेल्वेच्या दप्तरी माझ्या नावाचं काही नाहीच. सायकल मी तुमच्या हातात दिली, पैसे तुम्ही घेतले, बिल्टी तुमची. जबाबदारी पण तुमची.

तर माझी मागणी साधी आहे. सोबत नेण्याचे म्हणून घेतलेले १,८५० परत करा, साठवणीचे १५० परत करा आणि हँगर बदलून गिअर सेट करायचं सायकलवाल्याचं ६५० चं बिल द्या, एकूण २,६५० रुपये होतात. बिल्टी, बिलं, खोक्याचे आणि हँगरचे फोटो सोबत जोडलेत.

आणि एक सांगायचं राहिलं, तुमच्या पत्रकावर अजूनही "आपल्याच गाडीत, आपल्यासोबत" असं छापलंय. ते एकतर काढून टाका, नाहीतर ग्राहकाचं तिकीट घेऊन खरंच लगेजच्या खिडकीवर रांगेत उभं राहा आणि रेल्वेची पावती त्याच्या हातात द्या. आमच्याकडून पोरं शिकायला पुण्याला जातात, जून आला की सायकली आणि गाद्या घेऊन निघतील, त्यांच्या आईबापांना तरी हे सांगा की तुम्ही नक्की काय विकताय.

पंधरा दिवसांत पैसे खात्यात आले नाहीत तर १९१५ वर तक्रार टाकेन आणि नंतर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, अर्ज लिहून ठेवलाय. फोनवर उत्तर नको, लेखी द्या.

आपला,
एक ग्राहक, जळगाव
(बिल्टीची प्रत सोबत)